दर्शनबारीची लांबी : नवरात्रासाठीच्या प्रकल्प नोंदी

२४ ऑगस्ट २०२५, रविवार

प्रश्न सरळ आहे. अष्टमीला देवीच्या दर्शनाची रांग किती मीटर होईल, आणि ती मंदिराच्या आवारात मावेल की रस्त्यावर येईल? देवस्थानाला कठड्यांची ऑर्डर द्यायची आहे, त्याआधी हे उत्तर हवे.

आज जागा मोजली. गाभाऱ्याच्या उंबऱ्यापासून सभामंडप, प्राकार आणि मंडपाच्या तोंडापर्यंत एकेरी बारी ११० मीटर भरते. हा भाग दगडी आहे, त्यात बदल करता येणार नाही. त्यापुढे मोकळी जागा आहे, ३० मीटर लांब आणि १८ मीटर रुंद. तिथे मंडप घालून नागमोडी बारी करायची. मंडपाच्या बाहेर लगेच गावचा रस्ता लागतो आणि नवरात्रात त्याच रस्त्याने एसटी, फुलवाले आणि पाण्याचे टँकर येतात. म्हणून रांग मंडपातच संपली पाहिजे, ही मुख्य अट.

हिशेबाचे सूत्र सगळ्यांना पाठ असते: माणसांची संख्या गुणिले दर माणशी जागा, भागिले बारीची रुंदी. सूत्र बरोबर आहे, पण त्यातले दोन्ही आकडे दिवसभर बदलत असतात. रांगेत एका वेळी किती माणसे असतील हे दारातून मिनिटाला किती जण आत जातात यावर ठरते. दर माणशी जागा रांग चालती आहे की थांबलेली आहे यावर ठरते. पुढचे काम हे दोन आकडे मिळवायचे आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

उंबऱ्यावरचा वेग मोजला. मोजणीची एक अट कडक पाळावी लागते: उंबऱ्यामागे रांग सतत उभी असली पाहिजे. रांग नसताना मोजले तर किती लोक आले एवढेच कळते, दाराची ताकद कळत नाही. देवळात यासाठी सोयीची वेळ म्हणजे आरतीनंतरची. आरतीला दार बंद असते, मागे माणसे साठतात आणि दार उघडल्यावर निदान अर्धा तास रांग तुटत नाही.

हातातल्या काउंटरने पाच-पाच मिनिटांचे आकडे घेतले: ६६, ६९, ६४, ७१, ६५. सरासरी ६७, म्हणजे मिनिटाला १३.४ माणसे. कडेवरचे मूल मोजले नाही, हात धरून चालणारे मूल मोजले, कारण रांगेत जागा तेच घेते. तासाला ८०४ येतात. हिशेबासाठी ८०० धरू.

मोजणारा उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, दर्शन घेऊन बाहेर पडणाऱ्यांच्या वाटेवर उभा करावा. महाद्वाराशी उभा केला तर तिथून आत शिरलेली पण अजून सभामंडपात उभी असलेली माणसेही दर्शन झालेल्यांत धरली जातात आणि आकडा फुगतो.

आकड्यांबरोबर थांबण्याची कारणेही टिपली. साधा नमस्कार करून पुढे जाणाऱ्याला जेमतेम चार सेकंद लागतात. खणानारळाची ओटी भरणारी बाई उंबऱ्याशी थांबते, पिशवीतून साहित्य काढते, पुजाऱ्याच्या हाती देते आणि प्रसादाचा नारळ परत घेते. तेवढा वेळ मागची सगळी बारी उभी असते. दुसरी अडचण बाहेर पडतानाची आहे. तीर्थ देणारे सेवेकरी बाहेरच्या दाराला लागूनच बसतात, त्यामुळे दर्शन झालेली माणसेही गाभाऱ्यासमोरच खोळंबतात.

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज दर माणशी जागा मोजली. प्राकारातल्या सरळ बारीत खडूने १० मीटरच्या दोन रेषा मारल्या. कठड्यांमधली मोकळी रुंदी ७५ सेंटिमीटर आहे. रेषांच्या आत किती डोकी आहेत ते वरच्या ओवरीतून मोजले, दर दोन मिनिटांनी एकदा.

दार बंद आणि रांग उभी असताना १० मीटरमध्ये २२ माणसे, म्हणजे माणशी ४५ सेंटिमीटर. दार उघडे आणि रांग हळूहळू सरकत असताना १७, म्हणजे माणशी ५९ सेंटिमीटर. रांग विरळ होऊन लोक सरळ चालत जात असताना ११ माणसे, म्हणजे ९१ सेंटिमीटर. तिसऱ्या आकड्याचा उपयोग नाही, कारण त्या वेळी खरी रांग नसतेच.

क्षेत्रफळात सांगायचे तर उभ्या रांगेत माणशी ०.७५ × ०.४५, म्हणजे सुमारे ०.३४ चौरस मीटर. चौरस मीटरमागे तीनच्या आत माणसे. ही दाटी अंगाला अंग लागण्याइतकी आहे, पण माणूस वळू शकतो, खाली वाकून पिशवी उचलू शकतो. चौरस मीटरमागे पाचच्या पुढे गेले की माणसाचा स्वतःच्या पायांवरचा ताबा सुटू लागतो आणि मागचा धक्का थेट पुढे पोचतो. तिथे रांगेचा हिशेब संपतो आणि जिवाचा प्रश्न सुरू होतो.

क्षेत्रफळावरून लांबी काढताना एक सापळा आहे. देवस्थानाकडून सूचना आली की बारी ७५ ऐवजी ११० सेंटिमीटर रुंद केली तर त्याच लांबीत जवळपास दीडपट माणसे बसतील. कागदावर ते खरे दिसते: ०.३४ भागिले १.१० म्हणजे माणशी फक्त ३१ सेंटिमीटर. पण माणसे पाण्यासारखी जागा भरत नाहीत. ११० सेंटिमीटरमध्ये दोघे नीट शेजारी मावत नाहीत आणि एकटा उभा राहिला तर कडेने घुसायला वाट राहते. मग मागचा पुढे सरकतो, भांडण होते, आणि उंबऱ्याशी दोघांपैकी आधी कोण यावर पुन्हा ओढाताण. दुसरीकडे ६० सेंटिमीटरच्या बारीत मूल कडेवर घेतलेली बाई वळणावर अडकते. म्हणून ७५ कायम. बारी एकेरी ठेवायची असेल तर चौरस मीटरपेक्षा माणशी किती सेंटिमीटर लांबी लागते हाच आकडा वापरावा, आणि तो त्याच रुंदीच्या बारीत मोजलेला असावा.

पडताळणीसाठी चिठ्ठीची पद्धत वापरली. रांगेच्या शेवटच्या माणसाच्या हातात वेळ लिहिलेली चिठ्ठी द्यायची आणि ती उंबऱ्याशी परत घ्यायची. शेपूट १२० मीटरवर होते. सरकत्या रांगेच्या हिशेबाने १२० भागिले ०.५९ म्हणजे २०३ माणसे पुढे होती आणि मिनिटाला १३.४ प्रमाणे १५ मिनिटे लागायला हवीत. चिठ्ठी १७ मिनिटांनी परत आली. फरकाचे कारण सापडले: मधल्या वेळात वृद्धांच्या बाजूच्या दाराने काही जण आत गेले होते. रांगा दोन असल्या तरी उंबरा एकच आहे. बाजूच्या दाराने गेलेला प्रत्येक माणूस मुख्य बारीला चार-साडेचार सेकंद थांबवतो.

या पडताळणीमागचा नियम जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केला: रांगेतली सरासरी माणसे म्हणजे येण्याचा दर गुणिले थांबण्याचा सरासरी वेळ. त्याचा फायदा असा की तीन आकड्यांपैकी कोणतेही दोन मोजले की तिसरा आपोआप तपासला जातो, आणि मोजणीतली गळती लगेच उघडी पडते.

७ सप्टेंबर, रविवार, पौर्णिमा

पौर्णिमेची गर्दी मोजून येणाऱ्यांचा तासवार आलेख काढायचा होता. पण आज खग्रास चंद्रग्रहण, रात्री ९ वाजून ५७ मिनिटांनी स्पर्श आणि दुपारपासून वेध. त्यामुळे दिवसभर येणारी माणसे सकाळीच आली आणि दुपारनंतर आवार रिकामे झाले. हा आकडा अष्टमीसाठी वापरता येणार नाही. फाइलमध्ये ठेवला आहे, वर तशी नोंद करून.

त्याऐवजी गेल्या वर्षीच्या अष्टमीचे महाद्वारावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण मिळाले. प्रत्येक तासातली पाच मिनिटे मोजून त्याला बाराने गुणले आणि वर दहा टक्के वाढ धरली. पाच मिनिटांचा तुकडा प्रत्येक तासात वेगळ्या ठिकाणचा घेतला, कारण ठरावीक मिनिटाला येणारी एसटी सापडली किंवा चुकली तर पूर्ण तासाचा आकडा बिघडतो.

९ सप्टेंबर, मंगळवार

रांगेतल्या माणसांचा तक्ता मांडला. शीट अगदी साधी आहे. B मध्ये आलेले, C मध्ये त्या वेळात दारातून जाऊ शकणारे, D मध्ये शेवटी रांगेत उरलेले.

```
D3: =MAX(0, D2+B3-C3)
```

मधल्या `MAX` शिवाय पहाटेच्या रिकाम्या तासांत रांग उणे होते आणि ती खोटी शिल्लक पुढच्या गर्दीतून वजा होत राहते. रिकामा गेलेला दाराचा वेळ साठवून ठेवता येत नाही.

सकाळी सातपर्यंत दार पुरेसे पडते, रांग टिकत नाही. त्यानंतरचे आकडे असे:

| वेळ | आले | दर्शन | शेवटी रांगेत |
|---|---|---|---|
| ७ ते ८ | ९०० | ८०० | १०० |
| ८ ते ९ | ११५० | ८०० | ४५० |
| ९ ते १० | १३०० | ८०० | ९५० |
| १० ते ११ | १२५० | ८०० | १४०० |
| ११ ते १२ | १००० | ८०० | १६०० |
| १२ ते १२:३० | ३०० | ० | १९०० |
| १२:३० ते १ | ३०० | ४०० | १८०० |
| १ ते २ | ४५० | ८०० | १४५० |

बारा ते साडेबारा महानैवेद्य, दार बंद. हा तास मुद्दाम दोन तुकड्यांत लिहिला आहे. सरसकट १२ ते १ असा लिहिला असता तर शेवटचा आकडा १८०० दिसला असता आणि साडेबाराची १९०० माणसे तक्त्यात कुठेच आली नसती. दार जिथे बंद होते आणि जिथे उघडते, तिथे तक्त्याची ओळ तोडलीच पाहिजे.

आणखी एक गोष्ट तक्त्यात नीट दिसते. येणाऱ्यांचा जोर ९ ते १० मध्ये सर्वांत जास्त आहे, पण रांग त्यानंतर अडीच तास वाढतच राहते. दर तासाला येणारे ८०० पेक्षा जास्त आहेत तोवर ती वाढणारच. स्वयंसेवकांची पाळी साडेदहाला बदलून निम्मे लोक जेवायला सोडण्याची जुनी पद्धत म्हणूनच चुकीच्या वेळी येते.

१० सप्टेंबर, बुधवार

आता लांबी. साडेबाराला १९०० माणसे उभी आहेत, माणशी ४५ सेंटिमीटर, म्हणजे ८५५ मीटर. हीच सर्वांत मोठी लांबी असे वाटते, पण तसे नाही.

दार उघडले की सगळी रांग एकदम चालू लागत नाही. आधी पुढचा माणूस सरकतो, मग त्याच्या मागचा. प्रत्येक जण समोर थोडी जागा झाल्यावरच पाऊल उचलतो, त्यामुळे ४५ चे ५९ सेंटिमीटर होत जातात आणि ही सैल होण्याची क्रिया उंबऱ्याकडून शेपटाकडे सरकते. तिचा वेगही काढता येतो. उभ्या रांगेत मीटरमागे २.२२ माणसे, सरकत्या रांगेत १.६९, फरक ०.५३. मिनिटाला १३.३ माणसे दारातून जात असतील तर सैल झालेला भाग मिनिटाला सुमारे २५ मीटर मागे वाढतो.

८५५ मीटर लांब रांगेच्या शेवटाला त्यामुळे अर्ध्या तासाहून जास्त वेळ काहीच हालचाल जाणवत नाही. पुढून माणसे कमी होत आहेत, पण शेपूट जागचे हलत नाही, आणि त्याला नवी माणसे चिकटत राहतात. साडेबारा ते एक मिनिटाला १०, पुढे साडेसात, प्रत्येकी ४५ सेंटिमीटर. हे सगळे मांडले तर सैलपणा शेपटाला गाठतो ती वेळ साधारण १ वाजून १० मिनिटांची येते. तेव्हा रांगेत सुमारे १७४० माणसे असतात आणि लांबी १०२५ मीटर.

म्हणजे सर्वांत जास्त माणसे साडेबाराला, सर्वांत लांब रांग चाळीस मिनिटांनंतर, माणसे दीडशेहून अधिक कमी झालेली असताना. कठड्यांचा हिशेब १९०० × ०.४५ वर केला तर १७० मीटर रांग रस्त्यावर येईल, तीही दार उघडून बराच वेळ झाल्यावर, जेव्हा बंदोबस्त सैलावलेला असतो.

मागच्या टोकाला याचा धोका वेगळाच आहे. दार उघडल्याची घंटा ऐकू येते, पण अर्धा तास पाऊलही पुढे पडत नाही. मग मागून रेटा येतो. त्यासाठी एक स्वयंसेवक ध्वनिवर्धक घेऊन शेपटाशीच उभा हवा, आणि त्याने "दार उघडले आहे, तुमच्यापर्यंत रांग इतक्या वाजता हलेल" असे वेळ सांगून बोलावे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

१०२५ मीटर मावणार नाहीत. जागा वाढवता येत नाही, म्हणून उंबऱ्यावरचा वेग वाढवून पाहिला. पितृपक्षामुळे गर्दी कमी आहे, तरी आरतीनंतर मोजण्याइतकी रांग मिळाली.

दोन बदल केले. ओटी स्वीकारायचे टेबल सभामंडपात, बारीच्या बाजूला नेले. तिथे दोन सेवेकरी ओटी घेतात, देवीच्या पायाशी लावलेला प्रसादाचा नारळ देतात, आणि टोपल्या भरल्या की आत पोचवतात. ओटी देवीपर्यंत जाते हे लोकांना दिसले पाहिजे, नाहीतर बायका टेबल टाळून पुन्हा उंबऱ्याशीच थांबतील, आणि त्यांचे तसे करणे योग्यच आहे. म्हणून टोपली नेणारा सेवेकरी बारीसमोरूनच जातो. दुसरा बदल तीर्थाचा. तीर्थ आता बाहेरच्या दारापासून दहा मीटर पुढे, ओवरीत.

आकडे: ८१, ७९, ८४, ७८. सरासरी ८०.५, मिनिटाला १६.१. आधी माणशी साडेचार सेकंद लागत होते, आता पावणेचारच्या आत. फरक पाऊण सेकंदाचा दिसतो, पण तो दहांतल्या एका ओटीचे साडेसात सेकंद सगळ्यांत वाटून आलेला आहे.

नारळ फोडायची जागाही प्राकारातून हलवून बाहेर, उताराच्या गटाराजवळ न्यायची आहे. ती वेगासाठी नाही. मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ रोजी चेंगराचेंगरीत शेकडो भाविक मृत्युमुखी पडले, तेव्हा नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या हे एक कारण होते. रांगेच्या वाटेवर ओली फरशी असताच कामा नये.

तासाला ९६० धरून तक्ता पुन्हा चालवला. आठ वाजेपर्यंत रांग साचतच नाही. नऊला १९०, दहाला ५३०, अकराला ८२०, बाराला ८६०, साडेबाराला ११६०. दाराचा वेग एक पंचमांशाने वाढला आणि रांग १९०० वरून ११६० वर आली. रांग ही आलेली वजा गेलेली अशी वजाबाकी असल्यामुळे गेलेल्यांतला छोटा फरक तासागणिक साठत जातो. कठडे कितीही वाढवले असते तरी हे झाले नसते.

लांबी: साडेबाराला उभी रांग ५२२ मीटर, दार उघडल्यानंतर वीस मिनिटांनी कमाल ६१३ मीटर.

१४ सप्टेंबर, रविवार

मंडपाची आखणी. १८ मीटर रुंदीतले २ मीटर एका बाजूला पूर्ण मोकळे, रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरसाठी. उरले १६ मीटर. ७५ सेंटिमीटर वाट आणि ५ सेंटिमीटर कठडा मिळून ८० सेंटिमीटर, म्हणजे २० पट्ट्या. ३० मीटर लांबीच्या मध्यावर २ मीटरचा आडवा छेद ठेवला आहे; तिथून कोणत्याही पट्टीतला माणूस बाहेर काढता येतो. छेदात कुणाला उभे राहू द्यायचे नाही. म्हणून प्रत्येक पट्टीत उभे राहायला २८ मीटर, वीस पट्ट्यांत ५६० मीटर. प्राकारातले ११० मिळून ६७० मीटर.

२० पट्ट्यांना कठड्यांच्या २१ ओळी लागतात. मधल्या १९ ओळी एका टोकाला १ मीटरने आखूड हव्यात, वळायला जागा म्हणून, आणि ते टोक एकाआड एक बदलते. २ मीटर लांबीचे कठडे २७५ आणि १ मीटरचे १९, अशी ऑर्डर. वळणाची फट १ मीटरपेक्षा कमी झाली तर तिथे माणसे अडकतात, जास्त झाली तर आतल्या बाजूने पुढे घुसतात.

कठड्यांचे पाय बाहेर आलेले असतात, ते शेजारच्या पट्टीत अडखळण्याचे कारण ठरतात. सपाट पट्टीचे पाय मागवले आहेत, आणि शेजारचे कठडे वरच्या पाइपला एकमेकांशी क्लॅम्पने बांधायचे. तारेने बांधू नये. अडचणीत कठडा लगेच सोडवता आला पाहिजे.

२० सप्टेंबर, शनिवार

"येथून १ तास" अशा पाट्यांच्या जागा ठरवल्या. दार चालू असताना एका तासात ९६० माणसे जातात आणि ती ५६६ मीटर व्यापतात. उंबऱ्यापासून प्राकाराचे ११० वजा केले तर मंडपात ४५६ मीटर, म्हणजे आतून सतरावी पट्टी. अर्ध्या तासाची पाटी सातव्या पट्टीत.

पण रांग थांबून दाटली की त्याच सतराव्या पट्टीपुढे १२५८ माणसे मावतात. मग तेवढ्याच अंतरावरचा माणूस ७९ मिनिटे थांबतो, वर दार बंद असल्याची मिनिटे. म्हणून पाटीवर "दार उघडे असताना" हे शब्द मोठ्या अक्षरांत, आणि खाली आरती व नैवेद्याच्या वेळा. अंदाज चुकीचा निघाला की लोक पुढच्या कोणत्याही सूचनेवर विश्वास ठेवत नाहीत.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

नवरात्रातला शुक्रवार, चांगली गर्दी. महानैवेद्याच्या वेळी रांगेवर लक्ष ठेवले आणि हिशेबातली एक धारणा बदलावी लागली. दार बंद झाल्यावर दाटी होऊन माणशी ४५ सेंटिमीटर होतील असे धरले होते. आरतीसारख्या दहा-पंधरा मिनिटांच्या बंदला तसे होते. अर्धा तास बंद म्हटल्यावर बायका-माणसे आहेत तिथे खाली बसतात. बसलेला माणूस पुढे सरकत नाही आणि जागा कमी करत नाही. खडूच्या १० मीटरमध्ये १७ च होती, सरकत्या रांगेइतकीच. मागून नवीन आलेले मात्र दाटून उभे.

अष्टमीचा आकडा नव्याने: बाराला ८६० माणसे, ५९ सेंटिमीटर, ५०७ मीटर. त्यामागे नवीन ३०० माणसे ४५ सेंटिमीटरने, १३५ मीटर. साडेबाराला ६४२, आणि दार उघडल्यावर पाच मिनिटांत शेपूट ६६५ पर्यंत. मावतात ६७०. पाच मीटर म्हणजे आठ-दहा माणसे. एवढ्या फरकावर अष्टमी काढता येणार नाही.

लोकांना उठवून दाटीने उभे करणे हा उपाय नाही. सकाळपासून उपाशी असलेल्या, उन्हातून आलेल्या माणसाला बसू द्यावे. रस्त्याच्या एका कडेला, एसटीच्या उलट बाजूला, बांबूची ६० मीटर राखीव बारी बांधून घेतली. तिचे तोंड दोरीने बंद, मंडप भरला तरच उघडायचे.

३० सप्टेंबर, मंगळवार, अष्टमी

११ ते १२ मध्ये अंदाजापेक्षा ६० माणसे जास्त आली. बाराला रांगेत ९२० च्या आसपास, चिठ्ठीच्या हिशेबानेही तेच. राखीव बारी १२ वाजून २५ मिनिटांनी उघडली. दार उघडल्यानंतर शेपूट रस्त्यावर ३० मीटरच्या थोडे पुढे जाऊन थांबले. नव्या आकड्यांनी हिशेब ३१ मीटर येतो. एक वाजण्याआधी राखीव बारी रिकामी झाली.

उंबऱ्यावर मिनिटाला १६ टिकले, फक्त साडेअकराच्या सुमारास १३ वर आले. ओटीच्या टेबलावरच्या टोपल्या संपल्या होत्या आणि बायका पुन्हा उंबऱ्याशी थांबत होत्या. रिकाम्या टोपल्या आल्यावर दहा मिनिटांत वेग पूर्ववत. टेबलाला बारा टोपल्या पुरत नाहीत. चैत्राच्या यात्रेला वीस ठेवाव्यात, आणि उंबऱ्यावरचा पाच मिनिटांचा आकडा ७० च्या खाली गेला की आधी टोपल्या पाहाव्यात.